वरचे दात कवटीचे असतात: बोलत्या चेहऱ्याची एक फ्रेम कशी तपासावी

मास्तरांच्या मुलीने मला पाठवलेला व्हिडिओ 38 सेकंदांचा होता. मास्तर म्हणजे गोव्यातल्या फोंडा भागातले निवृत्त शिक्षक. गावातली दोन-तीन पिढ्यांची माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. व्हिडिओत ते माटोळीखाली, म्हणजे चवथीला गणपतीसमोर टांगतात त्या फळा-पानांच्या छताखाली बसून, त्यांच्याच आवाजात, एका गुंतवणूक योजनेत पैसे भरायला सांगत होते. मुलगी म्हणाली, "दादा, बाबा असं काही बोललेले नाहीत. पण बघणाऱ्याला ते बाबाच वाटतात. मलासुद्धा पहिल्यांदा वाटले."

मी भजनं, घुमट आरत्या आणि जत्रेतली नाटकं चित्रित करून संकलन करतो. गेल्या काही वर्षांत असे व्हिडिओ तपासून द्यायचं कामही माझ्याकडे यायला लागलं. सगळ्या प्रकारच्या बनावट चित्रफितींबद्दल इथे लिहीत नाही. खऱ्या माणसाचा खरा व्हिडिओ घेऊन त्यातलं फक्त तोंड दुसऱ्या आवाजाबरहुकूम हलवलेलं असतं, तेवढ्या एकाच प्रकाराबद्दल आणि तेही मुख्यतः एका फ्रेमवरून काय सांगता येतं याबद्दल लिहितो. आपल्याकडे फसवणुकीसाठी फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये हा प्रकार फार सोयीचा पडतो, कारण माणूस खरा, कपडे खरे, घरही खरं असतं. खोटं असतं ते नाकाच्या मध्यापासून हनुवटीपर्यंतचं हातभर नाही, वीतभरही नाही इतकं क्षेत्र.

## आधी फाइल, मग फ्रेम

मुलीने पाठवलेली प्रत व्हॉट्सॲपवरून चार हात फिरून आलेली होती. 480 बाय 848 पिक्सेल, आणि त्यात मास्तरांचा चेहरा कानापासून कानापर्यंत जेमतेम 190 पिक्सेल. अशा प्रतीवर तोंड तपासायला बसू नका. व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा दाबून लहान करतं. दाबताना पहिला बळी जातो तो काळोख्या, कमी उठावाच्या आणि हलणाऱ्या भागाचा. तोंडाच्या आतला भाग नेमका हे तिन्ही असतो, म्हणून वाईट प्रतीत खऱ्या माणसाचंही तोंड पुसट दिसतं. "तोंड पुसट आहे म्हणजे बनावट" असं म्हणणाऱ्यांची बहुतेक चूक इथेच होते.

म्हणून पहिलं काम शोधाशोधीचं. ज्याने पाठवला त्याला विचारा की तुला कुठून आला. मूळ ज्या पानावर चढवला असेल तिथपर्यंत जा. फाइल घेताना स्क्रीन रेकॉर्डिंग करू नका आणि पुढे पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आम्हाला दोन दिवसांनी 1080 बाय 1920ची प्रत मिळाली. तिच्यात चेहऱ्याची रुंदी 430 पिक्सेल भरली. माझा स्वतःचा ठोकताळा असा की चेहरा 300 पिक्सेलपेक्षा अरुंद असेल तर दातांबद्दल काही बोलायचं नाही. तो नियम कुणी घालून दिलेला नाही, हाताखालून गेलेल्या प्रतींवरून बसला आहे.

फाइलला हात लावण्याआधी तिची ओळखखूण, म्हणजे SHA-256 हॅशचा आकडा, काढून ठेवा. नंतर पोलिसांत द्यायची वेळ आली तर हीच ती फाइल, हे त्यावरून दाखवता येतं.

```
sha256sum clip.mp4
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,width,height,r_frame_rate -of default=nw=1 clip.mp4
```

विंडोजवर पहिल्या ओळीऐवजी `certutil -hashfile clip.mp4 SHA256` चालतं. दुसरी ओळ ffmpeg या मोफत प्रोग्रामबरोबर येणाऱ्या ffprobeची आहे, ती चित्राचा आकार आणि सेकंदाला किती फ्रेम आहेत ते सांगते. आमच्या फितीत 25 होत्या.

आता फ्रेम निवडायची. दाबलेल्या व्हिडिओत सगळ्या फ्रेम सारख्या नसतात. काही फ्रेम पूर्ण चित्र म्हणून साठवलेल्या असतात, त्यांना कीफ्रेम म्हणतात. बाकीच्या शेजारच्या फ्रेमवरून "इथलं तिथे सरकव" अशा सूचनांनी घडतात. सूचनांनी घडलेल्या फ्रेममध्ये ओठांभोवती चौकटी आणि लोंबलेल्या कडा येऊ शकतात आणि त्या हुबेहूब बनावटीच्या खुणांसारख्या दिसतात. तेव्हा शक्यतो कीफ्रेमच घ्या.

```
ffmpeg -skip_frame nokey -i clip.mp4 -fps_mode vfr key_%03d.png
```

फ्रेम पीएनजीमध्येच काढा. जेपीजी काढलात तर तपासणीच्या सामानात तुम्हीच आणखी एक थर डाग घालता. आमच्या फितीतून नऊ कीफ्रेम निघाल्या. त्यातल्या तिघींत तोंड उघडं होतं आणि एकीत, चौथीत, मास्तर "आ" म्हणत होते. वरचे दात, तोंडाची पोकळी आणि मिशी असं तिन्ही त्यात स्वच्छ उजेडात होतं. हवी असते ती अशीच फ्रेम: तोंड उघडं, मान कॅमेऱ्याकडे, डोळे उघडे, आणि डोकं हलत नसलेलं.

## तोंडाच्या आत काय बघायचं

फ्रेममधला तोंडाचा तुकडा कापून चौपट मोठा करा. मोठा करताना प्रोग्रामला कडा मऊ करू देऊ नका, प्रत्येक पिक्सेल चौकोन म्हणून दिसला पाहिजे.

```
ffmpeg -i key_004.png -vf "crop=300:240:390:980,scale=iw*4:ih*4:flags=neighbor" tond.png
```

`crop` मधले पहिले दोन आकडे रुंदी आणि उंची, पुढचे दोन डावीकडून आणि वरून अंतर. ते तुमच्या फ्रेमप्रमाणे बदलावे लागतील. याच पद्धतीने आणखी दोन तुकडे काढा: एक डोळा आणि भुवईचा, दुसरा गळपट्टीचा म्हणजे सदऱ्याच्या कॉलरचा. हे दोन तुकडे जवळ ठेवल्याशिवाय पहिल्याकडे बघण्यात अर्थ नाही. तोंड पुसट आहे की नाही हा प्रश्नच नाही. त्याच चित्रातल्या, तेवढ्याच अंतरावरच्या, तेवढ्याच उजेडातल्या दुसऱ्या कडांपेक्षा ते पुसट आहे का, हा प्रश्न आहे.

आता माझा सगळ्यात भरवशाचा मुद्दा. माणूस बोलताना हलतो तो खालचा जबडा. वरचे दात कवटीत घट्ट बसलेले असतात. ते नाकाबरोबर, डोळ्यांबरोबर, चष्म्याबरोबरच हलतात, वेगळे हलू शकत नाहीत. मग डोळ्यांच्या पापण्या आणि चष्म्याची कड फ्रेममध्ये धारदार असेल, तर "बोलताना हलल्यामुळे पुसट झालं" ही सबब वरच्या दातांना लागू पडत नाही. खालच्या ओठाला आणि जिभेला ती लागू पडते, म्हणून त्यांच्या पुसटपणाला मी फारसं महत्त्व देत नाही. कॅमेऱ्याचा फोकस हुकला म्हणावं तर डोळे आणि दात जवळपास सारख्याच अंतरावर असतात आणि मोबाइलच्या लेन्सला तेवढा फरक जाणवत नाही.

दातांत काय बघायचं? लोक दोन दातांमधल्या फटी मोजायला जातात. त्या मोजू नका. पांढऱ्याशेजारी पांढरं, मध्ये एखाद-दोन पिक्सेलची फिकट रेघ, ती साध्या दाबण्यानेही जाते. बघायची ती दातांची खालची कड, जिथे पांढरा दात संपतो आणि काळी पोकळी सुरू होते. चेहऱ्यावरच्या सगळ्यात जास्त उठावाच्या कडांपैकी ही एक. दाबल्यावरही ती टिकते. चौपट केलेल्या तुकड्यात एका दाताच्या मधोमध उभी रेघ कल्पा आणि पांढऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत उतरायला किती चौकोन, म्हणजे मूळ फ्रेमचे किती पिक्सेल, लागतात ते मोजा.

मास्तरांच्या फ्रेममध्ये चष्म्याच्या काळ्या कडेला हा उतार 2 ते 3 पिक्सेलचा होता. गळपट्टीला 3. वरच्या दातांच्या खालच्या कडेला 9. एकाच चेहऱ्यावर, एकाच क्षणी, न हलणाऱ्या दोन गोष्टी, आणि एक दुसरीपेक्षा तिप्पट विरघळलेली. इथे माझ्या मनात पहिल्यांदा खरा संशय बसला.

असं का होतं हे कळलं की खूण विसरत नाही. तोंड हलवणाऱ्या जुन्या आणि अजूनही खूप वापरल्या जाणाऱ्या पद्धतींत वेव्ह-टू-लिप ही एक. हैदराबादच्या ट्रिपल आयटीमधल्या संशोधकांनी ती 2020 साली मांडली, आणि तिचे चांगले उपयोगही आहेत, डबिंगसारखे. ती चेहऱ्याचा तुकडा 96 बाय 96 पिक्सेलचा करते, खालचा अर्धा भाग झाकते आणि आवाजावरून तो भाग नव्याने भरते. मग तो तुकडा ताणून परत जागेवर बसवला जातो. मास्तरांचा चेहरा 430 पिक्सेल रुंद. म्हणजे पद्धतीचा एक पिक्सेल व्हिडिओतल्या साडेचार पिक्सेलवर पसरणार. वरचा एक दात व्हिडिओत साधारण 15 पिक्सेल रुंद असेल तर त्या लहान तुकड्यात तो तीन-साडेतीन पिक्सेलचा उरतो. तेवढ्यात दाताची कड धारदार राहील कशी? शिवाय त्या खास माणसाचे उघड्या तोंडातले दात पद्धतीला बहुधा दिसलेलेच नसतात. मग ती जे अनेकांत आढळतं त्याची सरासरी भरते, आणि दातांची सरासरी म्हणजे एक पांढरी पट्टी.

त्यातून दुसरी तपासणी निघते, आणि तिला कुठलंही साधन लागत नाही. घरच्या माणसाला विचारा. मास्तरांचा वरच्या ओळीतला डावीकडचा एक दात तीन वर्षांपूर्वी पडला आहे. हसले की ती खिंड लगेच दिसते. चौथ्या कीफ्रेममध्ये त्या जागी खिंड नव्हती, अखंड पांढरी पट्टी होती. मी मुलीला दोनदा विचारलं की मध्यंतरी कवळी किंवा ब्रिज बसवला का. नाही म्हणाली. हे विचारणं सोडू नका, कारण बसवलेला दात ही अगदी साधी शक्यता आहे आणि ती न तपासता निष्कर्ष लिहिला तर तो एका प्रश्नात कोसळतो. पान खाणाऱ्याच्या दातांवरचे डाग, पुढे आलेला सुळा, सोन्याची टोपी हे सगळं असंच कामाला येतं. आरशात दिसल्यासारखं उलटलेलं चित्र असू शकतं, म्हणून डावं-उजवं ठरवण्याआधी सदऱ्याच्या गुंड्यांची बाजू किंवा एखादी अक्षरांची पाटी बघून घ्या.

उलट दिशेचीही बनावट असते आणि ती नवख्याला फसवते. पुसट तोंड लपवायला काही जण नंतर चेहरा स्वच्छ करणारी पद्धत वरून फिरवतात. जीएफपी-गॅन (2021) आणि कोडफॉर्मर (2022) ही त्यातली प्रसिद्ध नावं. मग दात एकेक सुटे, जाहिरातीतल्यासारखे लख्ख दिसतात. इथेही तीच तुलना उपयोगी पडते, फक्त उलटी: दात आणि गालाची त्वचा धारदार, आणि कान, मान, केस, गळपट्टी त्यांच्यापेक्षा मऊ. कॅमेरा चेहऱ्यातल्या चेहऱ्यात असा भेदभाव करत नाही. मात्र मोबाइलचा सौंदर्य फिल्टर करतो. तो त्वचा गुळगुळीत करतो, पण वरच्या दातांची कड नऊ पिक्सेल विरघळवत नाही आणि पडलेला दात परत आणत नाही.

ओठांच्या रंगाबद्दल एक सावधगिरी. व्हिडिओत रंगाची माहिती उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाईने साठवली जाते. त्यामुळे ओठांचा लाल रंग दोन-एक पिक्सेल त्वचेवर सांडलेला दिसणं अगदी साहजिक आहे. त्याला खूण मानू नका. शंका असेल तर चित्र कृष्णधवल करून बघा, कड तिथे ठीक असेल तर सोडून द्या.

## कडा: लुकलुकणं एका फ्रेममध्ये दिसत नाही, पण त्याची शिवण दिसते

कडा लुकलुकतात असं आपण म्हणतो तेव्हा ती काळात घडणारी गोष्ट असते. थांबलेल्या चित्रात काहीच लुकलुकत नाही. पण लुकलुकण्याचं कारण थांबलेल्या चित्रात सापडतं. बनवलेला तुकडा चेहऱ्यावर बसवण्यासाठी प्रत्येक फ्रेममध्ये नाक, ओठ, हनुवटी यांच्या खुणा नव्याने शोधल्या जातात आणि तो शोध दर वेळी एखाद-दोन पिक्सेल इकडेतिकडे होतो. म्हणून शिवण थरथरते. एका फ्रेममध्ये आपण ती शिवणच शोधायची.

शिवण तीन ठिकाणी बघतो. पहिलं मिशी. मास्तरांची मिशी पांढरी आणि विरळ आहे. वरची, नाकपुड्यांलगतची टोकं एकेका केसाने दिसत होती, आणि ओठाकडे येताना तीच मिशी राखाडी धुक्यासारखी झाली होती. भुवईचे केस मात्र स्पष्ट. केस बारीक असतात, एक-दोन पिक्सेलचे, म्हणून लहान तुकडा ताणला गेला की ते पहिले नाहीसे होतात. अर्धी मिशी केसांची आणि अर्धी धुक्याची असेल तर शिवण तिथून आडवी गेली आहे. वेव्ह-टू-लिपच्या मूळ पद्धतीत चेहऱ्याची संपूर्ण चौकट परत चिकटवली जाते, तेव्हा भुवयाही मऊ होतात आणि फरक चेहरा विरुद्ध कान असा दिसतो. नंतर लोकांनी फक्त खालचा भाग मऊ कडेने मिसळायला सुरुवात केली. मास्तरांच्या फितीत भुवया धारदार होत्या, म्हणजे हे दुसऱ्या जातीचं काम होतं. कोणतं साधन वापरलं ते मात्र यावरून लिहू नये. सारख्या खुणा बरीच साधनं सोडतात.

दुसरं ठिकाण नाकाच्या बाजूने तोंडाकडे उतरणारी गालाची घडी. सत्तरीतल्या माणसाला ती खोल असते. शिवण तिला आडवी छेदते तिथे घडी एकतर अचानक उथळ होते किंवा दोन-तीन पिक्सेल बाजूला सरकून पुढे चालते. आमच्या फ्रेममध्ये उजव्या गालावर ती उथळ झाली होती, डाव्यावर काही दिसलं नाही. डाव्या बाजूने खिडकीचा उजेड जास्त होता, त्यात सगळंच धुवून गेलं होतं. अशी अर्धी खूण अर्धी म्हणूनच नोंदवावी.

तिसरं, आणि मला सगळ्यात बोलकं वाटणारं, हनुवटी. "आ" म्हणताना ओठ उघडतात ते मुख्यतः खालचा जबडा उतरल्याने. तोंड मोठं उघडलं की हनुवटी खाली जायलाच हवी. नाकाच्या तळापासून हनुवटीच्या रेघेपर्यंतचं अंतर मिटलेल्या तोंडाच्या कीफ्रेममध्ये मोजा, मग उघड्या तोंडाच्या. दोन्ही फ्रेममध्ये डोकं सारखंच वळलेलं असावं, म्हणून आधी डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर जुळतं का ते बघा. आमच्याकडे ते जुळलं. मिटलेल्या तोंडात नाक ते हनुवटी 178 पिक्सेल. उघड्यात ओठांमध्ये 38 पिक्सेलचं अंतर पडलेलं, आणि हनुवटीची ठळक रेघ 179वर. जबडा जागचा हललाच नव्हता. त्या रेघेखाली सहा-सात पिक्सेलवर दुसरी फिकट रेघ होती, बनवलेल्या हनुवटीचा उरलेला काठ, मिसळताना अर्धवट पुसला गेलेला.

दुहेरी रेघ बघून थांबू नका. जाड हनुवटीची घडी, मानेवरची सावली, यांच्याही दुहेरी रेघा होतात. आणि आपल्या कामात वारंवार भेटणारं कारण म्हणजे फ्रेमदर बदलणं. 25चा व्हिडिओ 30चा करताना काही प्रोग्राम दोन फ्रेम एकमेकींत मिसळतात आणि हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला भुताटकीसारखी दुसरी कड येते. ती तपासायची सोपी रीत म्हणजे हात बघणे. मास्तर बोलताना उजवा हात हलवत होते. बोटांना दुसरी कड नव्हती. म्हणजे मिसळणं नाही. केबल चॅनलवरून उचललेल्या फितींत हलत्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात, तेही तोंडापुरते नसतात, हातालाही असतात.

चित्रातल्या बारीक दाण्यांवरून शिवण शोधायची एक रीत आहे. GIMP या चित्रं संपादायच्या प्रोग्राममध्ये थराची प्रत करून तिला 3 पिक्सेलचा `Gaussian Blur` द्यायचा आणि थराचा मोड `Grain extract` करायचा. मग राखाडी चित्रात कॅमेऱ्याचे दाणे उरतात आणि बनवलेला तुकडा सपाट चटईसारखा दिसतो. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फाइलवर ही रीत सुंदर चालते. दाबलेल्या प्रतींवर दाणे सगळीकडूनच गेलेले असतात, म्हणून आमच्या फितीवर तिने काही सांगितलं नाही आणि मी अहवालात तसंच लिहिलं.

## शेजारच्या फ्रेम

एका फ्रेमने जिथे शिवण दाखवली, तिथेच ती थरथरते का, एवढंच बघायला शेजारी जायचं. त्या सेकंदाच्या सगळ्या फ्रेम काढा आणि चित्र दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बाणाची कळ दाबत पुढे-मागे करा.

```
ffmpeg -ss 12 -t 1 -i clip.mp4 -fps_mode passthrough f_%03d.png
```

फार डोळे ताणायला नकोत. मिशीच्या त्याच आडव्या पट्ट्यावर केस येतात-जातात का, हनुवटीची फिकट रेघ दिसते-लपते का. आमच्या फितीत 25 पैकी 11 फ्रेममध्ये ती रेघ होती, बाकीच्यांत नव्हती, आणि त्या काळात डोकं जवळजवळ स्थिर होतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रत्येक कीफ्रेमला सगळ्या चित्राचा पोत एकदम बदलतो, भिंतसुद्धा उडी मारल्यासारखी वाटते. भिंत आणि चेहरा दोघंही उडी मारत असतील तर तो दाबण्याचा परिणाम. चेहऱ्यावरची एकच कड थरथरत असेल आणि मागची माटोळी शांत असेल तर ती शिवण.

आवाज असेल तर ओष्ठ्य व्यंजनंही बघून घ्या. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठांना ओठ लागतो. मराठीत फ कधी कधी ओठ न मिटता उच्चारला जातो, म्हणून मी ब आणि म वरच भर देतो. ओठ मिटलेले राहतात ते साधारण एक दशांश सेकंद, म्हणजे 25च्या व्हिडिओत दोन-तीन फ्रेम. आवाज आणि चित्र सगळीकडे सारखंच मागेपुढे झालेलं असू शकतं, तेव्हा एका "म"वरून काही ठरवू नका. मास्तरांच्या तोंडी "माझ्या गावच्या माणसांनो" असं वाक्य घातलं होतं. त्यातल्या दोन म पैकी एकालाही ओठ पूर्ण मिटले नव्हते.

## मूळ सापडलं तर

या प्रकारात खरा व्हिडिओ कुठेतरी असतोच, कारण तोंड सोडून सगळं त्याचंच असतं. आणि तो सापडायला इथे माटोळीने मदत केली. मुलगी चौथी कीफ्रेम बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे सुपारीचं शिपटं बघा, आणि शेजारी दोन तोरिंजनं. बाबांनी ही माटोळी गेल्या चवथीच्या आदल्या वर्षी बांधली होती. गेल्या वर्षी आमच्याकडे तोरिंजन मिळालंच नव्हतं." माटोळी दर वर्षी नव्याने बांधतात, कुठलं फळ कुठे टांगलं हे दोन वर्षं सारखं येत नाही. त्या चवथीला भाच्याने घुमट आरतीनंतर मास्तरांचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं, सहा मिनिटांचं, आणि ते कुटुंबाच्या पानावर उघड ठेवलं होतं.

त्या सहा मिनिटांत आमची फ्रेम 2 मिनिटं 14 सेकंदांवर सापडली. गळपट्टीचं मुडपलेलं टोक, माटोळीतल्या कवंडळावर पडलेली समईची चमक, पंख्याच्या पात्याची जागा, सगळं तेच. तोंड मिटलेलं.

हे दाखवायचं कसं? दोन्ही फ्रेम GIMPमध्ये एकीवर एक ठेवा, वरचीचा आकार चष्म्याच्या दोन टोकांवरून जुळवा आणि थराचा मोड `Difference` करा. जिथे चित्र सारखं तिथे काळं, जिथे वेगळं तिथे उजळ. दाबण्यामुळे सगळीकडे थोडी राखाडी राख उरते, ती उरणारच. आमच्या चित्रात माटोळी, सदरा, कपाळ, डोळे काळ्यात बुडाले आणि मिशीच्या मध्यापासून हनुवटीच्या थोडं खालपर्यंत एक लंबगोल उजळून राहिला. मिशीवर जिथे मी शिवण लिहिली होती, त्याच ओळीवर त्याची वरची कड होती.

मूळ सापडलं नसतं तर मी काय लिहिलं असतं तेही सांगतो, कारण बहुतेक वेळा ते सापडत नाही. "चौथ्या कीफ्रेममध्ये वरच्या दातांची कड चष्म्याच्या कडेपेक्षा तिप्पट विरघळलेली आहे, पडलेला दात दिसत नाही, तोंड 38 पिक्सेल उघडूनही हनुवटी उतरलेली नाही. तोंडाचा भाग बदलला असल्याचा दाट संशय आहे." इतकंच. "बनावट सिद्ध" हे शब्द एका फ्रेमवर लिहू नयेत. आणि खुणा सापडल्या नाहीत तर "खरा आहे" असंही लिहू नये. नव्या पद्धती दात आणि मिशी बऱ्यापैकी नीट काढतात, त्यांच्यापुढे ही मोजमापं गप्प बसू शकतात. तेव्हा फक्त "या प्रतीत खुणा आढळल्या नाहीत" एवढंच लिहावं.

अहवालात मी फाइलचा SHA-256 आकडा, प्रत कुठून आणि कधी घेतली, फ्रेमची वेळ, न ताणलेले तीन तुकडे आणि दोन फ्रेमांचा फरक जोडला. भारतीय साक्ष अधिनियम 2023च्या कलम 63खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र लागतं त्यात हॅशचा आकडा द्यावा लागतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी काढलेला बरा. मुलीने 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, मग `cybercrime.gov.in` वर तीच कागदपत्रं चढवली. भाच्याला मी मूळ फाइल मोबाइलमधून न पुसता, तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला सांगितलं. पानावर चढवलेली प्रत दाबली गेलेली होती, मोबाइलमधली नव्हती, आणि तिच्यात मास्तर हसतात तेव्हा दाताची खिंड स्पष्ट दिसते.